मित्रांनो, जरा मशीन बंद करूया हं!

‘देखभाल कार्य सुरू करणेपूर्वी संबंधित यंत्राचा विद्युतपुरवठा खंडित करून कुलूपबंद करणेत यावा व अवशिष्ट ऊर्जा निष्प्रभ झाल्याची खातरजमा करणेत यावी.’

कन्व्हेयरच्या मेंटेनन्सवरच्या सुरक्षा व्हिडिओची मूळ स्क्रिप्ट अशी सुरू होते. ती माझ्यासारख्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हातात पडते तेव्हा सोबत दोन निरोप असतात. एचआरचा: ‘जरा फ्रेंडली करा.’ सेफ्टी ऑफिसरचा: ‘एकही सूचना हलता कामा नये.’ दोघे एका टेबलावर कधीच बसत नाहीत. ते भांडण कागदावर मीच सोडवायचं.

पहिला मोह ‘मित्रांनो’चा. ‘मित्रांनो, काम सुरू करण्यापूर्वी मशीन जरा बंद करून घेऊया आणि छोटंसं कुलूप लावायला विसरायचं नाही हं!’ ऐकायला गोड. पण ‘घेऊया’ म्हणजे नक्की कोणी? मीही घेऊया, तुम्हीही घेऊया, शेवटी कोणीच घेत नाही. ‘जरा बंद’ कसं करतात, हे त्या मोटरलाच ठाऊक. आणि अवशिष्ट ऊर्जा? तिचा जड शब्द काढताना अख्खी पायरीच उडाली. सूचना अशाच मरतात, लाडाने.

म्हणून मी आधी मूळ वाक्य फोडतो. कोणी, काय, कुठे, कधीपर्यंत, हे प्रत्येक क्रियापदाला विचारायचं. त्या एका वाक्यात तीन कामं कोंबलेली निघतात आणि करणारा एकही सापडत नाही. सगळं ‘करणेत यावं’. कोण येणार, देव जाणे. मग नवी स्क्रिप्ट लिहायची:

‘ऑपरेटरला सांगा: पट्टा बंद करतोय. स्टॉप बटण दाबा. पट्टा थांबला, पण वीज अजून आहे. बटणाने फक्त हुकूम थांबतो. आता मेन आयसोलेटर ऑफ करा. त्यावर तुमचं कुलूप लावा, तुमच्या नावाचा टॅग लावा. किल्ली तुमच्याच खिशात. दोघं काम करताय? मग कुलपंही दोन.’

‘तुम्ही’ आहे, छोटी वाक्यं आहेत, कारण जागच्या जागी आहे. मैत्री एवढीच पुरते. ‘कृपया’ नाही, ‘शक्यतो’ तर नाहीच. ‘शक्यतो कुलूप लावा’ म्हटलं की घाईच्या दिवशी ते शक्य नसतंच.

अवशिष्ट ऊर्जेला मी दाखवायच्या गोष्टीत बदलतो. या कन्व्हेयरला खोकी ढकलणारा हवेचा सिलिंडर आहे. वीज गेली तरी पाइपात दाब उरतो आणि सिलिंडर हात चेपू शकतो. म्हणून: ‘एअर व्हॉल्व्ह बंद करा, कुलूप लावा. उरलेली हवा सोडा. गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.’ इथे कॅमेरा काट्यावरच हवा. निवेदकाचा हसरा चेहरा नंतर दाखवता येईल.

विनोदाची जागा पायरीच्या आधी किंवा नंतर, पायरीत कधीच नाही. लोक विनोद लक्षात ठेवतात आणि हात कुठे होता ते विसरतात. शॉर्टकट मारून सहीसलामत सुटलेला हिरोही नको. दुसऱ्या दिवशी अख्खी शिफ्ट हिरो होते.

आणखी एक खोड आपल्या मराठीचीच. नकार शेवटी येतो. ‘कुलूप लावल्याशिवाय गार्ड उघडू नका’ यातलं ‘नका’ कॉम्प्रेसरच्या आवाजात गेलं, तर उरतं ते भयंकर. म्हणून ‘आधी कुलूप, मग गार्ड.’ अर्धं ऐकलं तरी निदान कुलूप तरी लागेल.

पुढची पायरी खातरजमेची. ‘स्टार्ट दाबून बघा. काही हललं नाही? छान. स्विच पुन्हा ऑफवर ठेवा.’ हा ‘छान’ एचआरसाठी. पण इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडा असताना मशीन सुरू होऊ न देणारा स्विच, उघडा असला तर वीज असूनही मशीन गप्प बसतं. म्हणून पॅनलमध्ये हात घालायचा असेल तिथे वाक्य कोरडंच ठेवतो: टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग इथे लावा, मग पुन्हा चालू लाइनवर. हे काम इलेक्ट्रिशियनचंच.

स्क्रिप्ट मंजूर झाली की ती न वाचलेल्या फिटरला व्हिडिओ दाखवायचा आणि स्क्रीन बंद करून मशीनपाशी उभं करायचं. तो जिथे थबकतो, तिथलं वाक्य माझं चुकलेलं. मंजुरीच्या सह्या कितीही असोत.

बहुतेक तो शेवटी थबकतो. कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं, हे ठीक. पण तो शिफ्ट संपवून घरी गेला आणि किल्ली त्याच्या खिशात बसमधून निघाली, तर? मूळ स्क्रिप्ट इथे मौन पाळते आणि कोणीतरी हॅकसॉ शोधायला लागतं. म्हणून चार वाक्यं वाढवायची: सुपरवायझरला बोलवा. तो माणूस कारखान्यात नाही याची खात्री तोच करेल आणि त्याला फोनही तोच लावेल. ठरलेल्या लेखी पद्धतीनेच तो कुलूप काढेल. आणि माणूस कामावर परतला की हात लावण्याआधी त्याला सांगेल, तुझं कुलूप आता तिथे नाही.