ग्रेड थ्री म्हणजे वार पिकली का? निपाणीच्या ताईंना उत्तर

*निपाणीहून आलेली प्रतिक्रिया:* "मॅडम, 'वार म्हातारी होत नाही' असं तुम्ही ठोकून दिलंय. माझी लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, 36 वा आठवडा चालू आहे. परवाच्या सोनोग्राफीत 'ग्रेड थ्री' आलं. स्कॅनवाल्यांनी सांगितलं, वार पिकली. शेजारीण म्हणते, कॅल्शियमच्या गोळ्यांनी खडे झाले, त्या बंद कर. वार म्हातारी होत नसेल तर 41 आठवडे झाले की कळा आणायला दवाखान्यात का बोलावतात? असं लिहून बायकांना गाफील ठेवू नका."

ताई, 41 आठवड्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि माझ्या आधीच्या लेखाचा मथळा सैल होता. वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लासेंटा. 'नऊ महिन्यांच्या आत सहसा म्हातारी होत नाही' असं लिहायला हवं होतं. ग्रेड थ्रीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. त्याला कारण आहे.

ही ग्रेड काढली कोणी आणि कशासाठी, तिथून सुरुवात करते. 1979 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ग्रॅनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत वार कशी दिसते यावरून शून्य ते तीन अशा पायऱ्या पाडल्या. कडा गुळगुळीत असेल तर शून्य. वारेत पांढरे ठिपके आणि आरपार खाचा दिसून तिचे वेगळे कप्पे पडल्यासारखे वाटले तर तीन. त्यांना शोधायचं होतं ते हे, की वारेच्या दिसण्यावरून बाळाची फुप्फुसं तयार झालीत का ते कळेल का. वार बाळाला किती पोसते हे मोजायला ती ग्रेड बनलेलीच नव्हती. पुढे फुप्फुसांसाठीही तिचा भरवसा उरला नाही, पण रिपोर्टच्या छापील नमुन्यात ती ओळ राहून गेली.

ते पांढरे ठिपके कॅल्शियमचेच असतात. पण वारेच्या ज्या बारीक जागा निकामी होतात तिथे ते साचतात, आणि नऊ महिने भरत आलेल्या कितीतरी निरोगी वारांमध्ये ते असतात. प्रसूतिगृहात मी वर्षानुवर्षं बाळंतपणानंतर पडलेली वार तपासत आले. बोट फिरवलं की वाळूसारखी खरखर लागायची, आणि शेजारी तीन किलोचं बाळ खणखणीत रडत असायचं. गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी आहे अशा बायकांना त्या गोळ्या गरोदरपणातल्या बीपीपासून थोडं संरक्षण देतात. शेजारणीचं ऐकून त्या बंद करू नका.

आता आत काय चालतं ते पाहू. जोंधळ्याचं ताट उपटलं की खाली तंतुमुळांचा झुबका दिसतो ना, वारेची बाळाकडची बाजू तशी असते. तो झुबका आईच्या रक्ताच्या डबक्यात बुडालेला असतो. प्रत्येक तंतूत बाळाची केसासारखी रक्तवाहिनी असते, आणि आईचं रक्त बाहेरून तंतूला धुऊन जातं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत, मधे पातळ भिंत असते. ऑक्सिजन ही भिंत आपोआप ओलांडतो, कारण बाळाच्या रक्तात तो कमी असतो आणि बाळाचं हिमोग्लोबिन त्याला आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट धरतं. साखरेला भिंतीतले वाहक पलीकडे नेतात, त्यामुळे आईची साखर वाढली की बाळाचीही वाढते. प्रथिनांचे घटक आणि कॅल्शियम मात्र वार स्वतः शक्ती खर्चून ओढून घेते. म्हणूनच ती स्वतःही भरपूर ऑक्सिजन खाते.

माझा मुद्दा इथे येतो. शेवटच्या तीन महिन्यांत हे तंतू आटत नाहीत, उलट त्यांना नवे बारीक फाटे फुटत राहतात. नऊ महिने भरताना वार साधारण अर्धा किलोची असते, पण तिचे सगळे तंतू उलगडून पसरले तर 12 चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील, म्हणजे एखादी खोली. मधली भिंतही पातळ होत जाते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर शेवटी ती चार-पाच भागांइतकीच उरते. म्हातारपण येणाऱ्या अवयवाचं असं होत नाही.

वारेच्या हॉर्मोनवरूनही तिची ताकद मोजून पाहिली गेली. सुरुवातीचं एचसीजी दहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठून उतरतं, पण ते थकव्याचं लक्षण नाही. तोवर प्रोजेस्टेरॉन बनवायचं काम वारेने अंडाशयाकडून घेतलेलं असतं. एकेकाळी आईच्या लघवीत एस्ट्रिऑल हे दुसरं हॉर्मोन मोजायचे. पण त्याचा कच्चा माल बाळाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येतो, वार एकटी ते बनवत नाही. आकडा खाली आला तरी दोष कोणाचा ते कळेना, म्हणून ती तपासणी मागे पडली.

मग लेकीच्या रिपोर्टात काय बघायचं? समजा 36 आठवड्यांना ग्रेड थ्री आहे, बाळाचं अंदाजे वजन 2 किलो 600 ग्रॅम, पाणी पुरेसं, आईचं बीपी 110/70, बाळ नेहमीसारखं हलतंय. इथे ग्रेडला घाबरायचं कारण नाही. आता दुसरी बाई घ्या. 31 वा आठवडा, ग्रेड थ्री, वजन 1 किलो 100 ग्रॅम, बीपी 150/100. या वेळेला बाळ दीड किलोच्या वर असायला हवं. इतक्या लवकर आलेली ग्रेड थ्री आणि सोबत या दोन गोष्टी, म्हणजे वारेला आईकडून रक्त कमी मिळतंय असा दाट संशय. अशा वेळी नाळेचं डॉप्लर करतात, म्हणजे नाळेतलं रक्त कसं वाहतं ते सोनोग्राफीत बघतात. निरोगी वारेत बाळाच्या दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे वाहत असतं. तंतूंमधल्या बारीक वाहिन्या कमी झाल्या की मधल्या वेळेतला प्रवाह घटतो, थांबतो, आणि फार बिघडलं तर उलटा फिरतो. वारेचं काम यावरून कळतं, ठिपक्यांवरून नाही.

निपाणीच्या आहात म्हणून विचारते, रागावू नका: लेक मिश्री लावते का? आपल्या तंबाखूच्या पट्ट्यात पोरी लग्नाआधीच शिकतात आणि डॉक्टरांपुढे कोणी कबूल करत नाही. धूम्रपान करणाऱ्या बायकांत वारेत कॅल्शियम लवकर दिसतं, आणि मिश्री लावणाऱ्यांची बाळं वजनाला कमी भरतात. लावत असेल तर आजपासून बंद.

राहिला 41 चा प्रश्न. तारीख उलटल्यावर वारेच्या पेशींत झीज दिसू लागते, पाणी कमी होऊ शकतं, आणि 42 च्या पुढे बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. तो फार मोठा नसतो, पण वाट पाहून मिळतही काही नाही, म्हणून 41 ते 42 च्या दरम्यान कळा आणतात. ते ठरतं आठवड्यांवर, ग्रेडवर नाही. म्हणून आठवडे बरोबर मोजलेले हवेत. तायी कार्डावरची, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या नोंदीच्या कार्डावरची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या स्कॅनशी जुळते का ते बघून घ्या. कार्ड कन्नडमध्ये असलं तर आशाताई वाचून देतील. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.