रक्तलेपातील टार्गेट सेलबाबत खुलासा

दावा : “स्मिअरच्या, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्तलेपाच्या, चित्रात टार्गेट सेल दिसल्या की थॅलेसेमिया आणि टोकदार पेशी दिसल्या की सिकल सेल आजार समजावा.”

हे दोन्ही निष्कर्ष केवळ चित्रावरून काढता येत नाहीत. तांबड्या पेशीतील द्रवाच्या मानाने तिचे आवरण जास्त झाले की मध्यभागी गडद ठिपका, भोवती फिकट कडे आणि बाहेर पुन्हा गडद कडा असे टार्गेट सेलचे रूप तयार होते. हे थॅलेसेमियात घडते, तसेच यकृताच्या विकारात, हिमोग्लोबिन सी हा बदललेला हिमोग्लोबिनचा प्रकार असताना आणि प्लीहा काढल्यानंतरही घडते. शिवाय लेप सावकाश वाळला तर निरोगी रक्तातही अशा पेशी दिसतात. मात्र त्या बहुधा काचपट्टीच्या एखाद्याच भागात आढळतात.

समजा, एका चित्रात पुष्कळ टार्गेट सेल आणि काही लांबट पेशी आहेत. त्या लांबट पेशींची टोके एकाच दिशेला वळलेली असतील, तर तो लेप ओढतानाचा दोष असण्याची शक्यता अधिक. खऱ्या सिकल पेशी वाटेल त्या दिशेने पडलेल्या, गडद, मधला फिकटपणा हरवलेल्या आणि सहसा दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. त्या तशा असल्या, तरी आजार एस-एस प्रकारचा, एस-सी प्रकारचा की एस-बीटा थॅलेसेमिया, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीशिवाय ठरत नाही. उलट, सिकल सेल वाहकाच्या लेपात या पेशी बहुधा दिसतच नाहीत.