समन्सच्या भाषांतरात कैफियतीची ‘शेवटची तारीख’ मी का लिहिली नाही

★★ “वडिलांच्या नावाने बेळगाव जिल्ह्यातल्या कोर्टाचं कन्नड समन्स आलं होतं. दोन पानांचे ९०० रुपये घेतले, वर अर्जंटचे वेगळे. संध्याकाळी देते म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दिलं, कारण काय तर मोबाईलवरचा फोटो चालत नाही. एवढं करून कैफियत द्यायची शेवटची तारीख लिहिलीच नाही, नुसतं ‘तीस दिवसांच्या आत’. सांगूनही लिहिली नाही, म्हणे ते आमचं काम नाही. सरळ हात झटकले. मग पैसे कशाचे घेता?”

नमस्कार दादा,

घरात समन्स आल्याची काळजी असताना तुम्हाला थांबावं लागलं आणि पुन्हा हेलपाटा पडला, याबद्दल माफी मागते. वकिलांकडे वेळेत जाता यावं म्हणून माणूस आमच्याकडे येतो. अशा वेळी अर्धा दिवस किती जड जातो याची मला कल्पना आहे.

पण ‘हात झटकले’ हे मला फार लागलं. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड भागातली किती तरी माणसं सीमेपलीकडच्या कोर्टाचा कन्नड कागद घेऊन आमच्याकडे येतात, आणि तुमचा रिव्ह्यू वाचून उद्या ती दुसरीकडे जातील. म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुमच्या दाव्यातलं काहीही इथे सांगणार नाही. खाली घेतलेल्या तारखा फक्त समजावण्यासाठी आहेत, त्या तुमच्या नाहीत.

दिवाणी समन्समध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे कोर्टात हजर राहायची तारीख. ती छापील नमुन्यातल्या मोकळ्या जागेत, बऱ्याचदा हाताने, भरलेली असते. दुसरी म्हणजे लेखी कैफियत, दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायची मुदत. तिथे तारीख नसतेच. तिथे लिहिलेलं असतं की समन्स बजावल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम १ मध्ये हीच मुदत आहे. म्हणजे तुम्ही मला जी तारीख लिहायला सांगत होता ती मूळ कागदावर कुठेच नव्हती.

‘नसली म्हणून काय झालं, मोजून लिहायची,’ असं तुम्ही काउंटरवर म्हणालात. आता मोजूनच बघू. समजा कोर्टाने समन्स ३ फेब्रुवारी २०२५ ला काढलं आणि शिक्क्याजवळ तीच तारीख आहे. हजर राहायचं आहे २० मार्चला, सकाळी ११ वाजता. बेलिफ घरी आला १४ फेब्रुवारीला, शुक्रवारी. ज्यांच्या नावाने समन्स आहे ते परगावी होते, म्हणून सूनबाईंनी सही करून कागद घेतला. ते १७ तारखेला, सोमवारी, घरी आले आणि तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. अशा किती तरी घरांचे कागद माझ्या टेबलावर येतात.

तीस दिवस कुठून धरायचे? कागदावरच्या ३ फेब्रुवारीपासून मोजलं तर ५ मार्च येते. त्यांनी स्वतः कागद पहिल्यांदा पाहिला त्या १७ फेब्रुवारीपासून मोजलं तर १९ मार्च. सूनबाईंच्या सहीचा दिवस बजावणीचा धरला, तर तो दिवस सोडून १५ फेब्रुवारीपासून मोजायचं. फेब्रुवारीतले चौदा आणि मार्चमधले सोळा मिळून तिसावा दिवस १६ मार्च. तो रविवार आहे. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या पुढच्या दिवशी काम करता येतं, म्हणजे सोमवार, १७ मार्च. आणि बरेच लोक ज्या तारखेवर विसंबून राहतात ती हजर राहायची तारीख तर २० मार्च. एकाच कागदावरून चार वेगवेगळे दिवस निघतात. मी त्यातला १९ किंवा २० लिहिला असता आणि तुम्ही त्याच दिवशी कैफियत घेऊन गेला असता, तर मुदत टळून गेलेली असती. मग उशीर का झाला हे कोर्टाला सांगत बसावं लागतं. कोर्ट कारणं नोंदवून नव्वद दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, पण ते कोर्टाच्या हातात आहे.

बरं, सूनबाईंच्या सहीचा दिवस हाच बजावणीचा दिवस, हे तरी मी कसं ठरवू? ज्याच्या नावाने समन्स आहे तो घरी नसेल आणि लवकर सापडण्यासारखा नसेल, तर सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं, मग ती बाई असो की पुरुष. घरच्या गड्याकडे दिलेलं चालत नाही. पण तो माणूस खरंच लवकर सापडण्यासारखा नव्हता का, यावर वकील कोर्टात वाद घालू शकतात. बजावणीची नोंद तुमच्या हातातल्या प्रतीवर नसते. सही घेतलेली प्रत आणि त्यावरचा आपला अहवाल बेलिफ कोर्टात परत नेतो. माझ्या टेबलावर आलेल्या कागदांत बजावणीचा दिवस कुठेच नसतो. तो मला तोंडी कळतो, आणि तोही ‘मंगळवारी, बहुतेक’ असा.

भाषांतराखाली मी सही करते, ‘मूळ मजकुराशी ताडून पाहिलेलं खरं व अचूक भाषांतर’ असं लिहून. त्या सहीवर भरवसा ठेवून तुमचे वकील काम करतात. मुळात नसलेली एखादी तारीख मी त्यात घातली तर ती सही खोटी ठरते. शिवाय वकील ती तारीख कोर्टानेच दिली असं समजून चालतील, ही मला सगळ्यात मोठी भीती वाटते. म्हणून मी तुम्हाला म्हणाले होते की कागद कोणत्या दिवशी, कोणाच्या सहीने घरात आला एवढं घरी नक्की विचारा आणि ते वकिलांना सांगा, शेवटची तारीख ते काढतील. ‘ते आमचं काम नाही’ एवढंच तुमच्या लक्षात राहिलं. त्याच्या पुढचं वाक्यही मी बोलले होते, दादा.

आता फोटोचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कागदाची घडी नेमकी हजर राहायच्या तारखेवरून गेलेली होती. कन्नडमधले सहा आणि नऊ हाताने भराभर लिहिले की एकमेकांसारखे दिसतात. एक आणि शून्यही तसेच, दोन्ही गोल, फक्त एकाचं तोंड थोडं उघडं. घडीत नेमका तो उघडा भाग गेला तर १० आहे की ११, १६ आहे की १९, हे फोटो मोठा करून कळत नाही, उलट जास्त फसायला होतं. माझं शालेय शिक्षण कन्नड माध्यमातून झालं, तरी अशा जागी मी अंदाज करत नाही. मूळ कागद उजेडात धरला की पेनाचा दाब कुठून कुठे गेलाय ते दिसतं. म्हणून मूळ कागद मागितला. तो तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आणलात आणि दुपारी भाषांतर तुमच्या हातात होतं. ‘संध्याकाळी देते’ म्हणाले होते ते मूळ कागद त्याच दिवशी आला तर, असं म्हणाले होते.

वाचलेला आकडा मी दुसऱ्या बाजूनेही पडताळते. समन्सवर दाव्याचा नंबर असतो, काहींवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबरही असतो. तो ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकला की पुढची तारीख दिसते. दोन्ही जुळलं तर मी निर्धास्त होते. जुळलं नाही तर कागदावर आहे तेच भाषांतरात ठेवते, कारण मधल्या काळात कोर्टाने तारीख बदललेली असू शकते, आणि पक्षकाराला वेगळ्या चिठ्ठीवर तसं लिहून देते. मूळ कागदावरही आकडा लागत नसेल तर भाषांतरात त्या जागी चौकटी कंसात ‘हस्तलिखित अंक अस्पष्ट’ असं लिहिते. असा कंस पाहून लोक नाराज होतात, पण चुकीच्या दिवशी कोर्टात गेलेल्या प्रतिवादीविरुद्ध दावा एकतर्फी चालू शकतो, त्यापेक्षा ती नाराजी मी सोसते.

पैशांबद्दल थोडक्यात. ९०० रुपयांत दोन पानं, शिक्के, सह्या, कोपऱ्यातल्या हाताने लिहिलेल्या नोंदी आणि तारखांची पडताळणी असं सगळं येतं. अर्जंटचे पैसे वेगळे पडतात हे काउंटरवरच्या पाटीवर लिहिलेलं आहे आणि काम घेताना तुम्हाला सांगितलंही होतं. तरी दुपारपर्यंत थांबावं लागल्याने ते तुम्हाला जड वाटले असतील, तर पावती घेऊन या, अर्जंटचे पैसे परत करते. त्यावरून वाद नको.

यापुढे समन्स आणि नोटिशीच्या कामात मूळ कागद का लागतो ते काम घेतानाच आणखी नीट समजावून सांगू. भाषांतरासोबत वेगळ्या कागदावर ‘वकिलांना सांगायच्या गोष्टी’ अशी छोटी चिठ्ठी देता येईल का, तेही बघतेय. त्यात कागद घरात आल्याचा दिवस, कोणाच्या सहीने आला, लिफाफा होता का आणि सोबत वादपत्राची प्रत होती का, एवढंच असेल. कैफियतीची शेवटची तारीख त्या चिठ्ठीवरही नसेल.

तुमच्या समन्सची मूळ प्रत आणि लिफाफा जपून ठेवा. लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का वकील मागू शकतात. भाषांतरातल्या एखाद्या आकड्याबद्दल त्यांना शंका वाटली तर त्यांना थेट मला फोन करायला सांगा. ऑफिस कॉपी माझ्याकडे आहे, मूळ कागदासोबत पुन्हा ताडून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.