आरसीवर नाव एकाचं, पॉलिसीवर दुसऱ्याचं

«जुनी गाडी घेताना-विकताना इन्शुरन्सचं टेन्शन घेऊ नका. इन्शुरन्स गाडीचा असतो, मालकाचा नाही. आरसी नावावर झाली की पॉलिसी आपोआप नव्या मालकाची होते, कायद्यातच तसं लिहिलंय. पहिले 14 दिवस तर काहीही न करता फुल कव्हर मिळतं. जुन्या मालकाचा 50 टक्के नो क्लेम बोनस गाडीबरोबर येतो, तो भावात धरा. आणि विकणाऱ्यांनो, चावी दिली त्याच दिवशी पॉलिसी कॅन्सल करून पैसे परत मिळवा.»

या मेसेजची पंचाईत अशी की त्यात कायद्याचा आधार दिलाय आणि तो खोटा नाही, अर्धा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 157 नुसार गाडी हस्तांतरित झाली की विमाही त्या तारखेपासून नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. पण हे कलम ज्या अकराव्या प्रकरणात बसतं, त्या प्रकरणाचा विषयच थर्ड पार्टी विमा आहे. तुमच्या गाडीची धडक बसलेल्या माणसाला भरपाई मिळताना मालक जुना की नवा या वादात तो भरडला जाऊ नये, एवढ्यासाठी ही सोय. तुमच्या स्वतःच्या गाडीचा पत्रा, इंजिन, चोरी, आग, पूर हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं. तो भाग म्हणजे कंपनी आणि पॉलिसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस, या दोघांतला करार. त्यातला एक माणूस परस्पर बदलता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे 1995 मध्येच स्पष्ट केलंय, कम्प्लीट इन्शुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अश्युरन्स या खटल्यात. त्यातल्या खरेदीदाराच्या नावावर आरसी झालेली होती. त्याने पॉलिसी नावावर करा म्हणून विमा कंपनीला पत्रही लिहिलं होतं. कंपनीने बदल केलेला नव्हता, तेवढ्यात अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं की कलम 157 थर्ड पार्टीपुरतं आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनी आणि नवा मालक यांच्यात करार झालेला हवा. खरेदीदार हरला. पत्र पाठवूनही हरला, ही गोष्ट मला त्या निकालात सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण «मी कंपनीला मेल टाकलाय» एवढ्यावर निर्धास्त राहणारे बरेच भेटतात.

आता 14 दिवस. हा आकडाही त्याच कलमातला, पण ती मुदत अर्ज करण्याची आहे आणि ती खरेदीदारावर घातलेली आहे: हस्तांतरणापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यायचा. थर्ड पार्टीचं संरक्षण पंधराव्या दिवशी संपत नाही, आणि ओन डॅमेजचं पहिल्या दिवशीसुद्धा आपोआप मिळत नाही. चौदा दिवस फुकट कव्हर, ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण ती गाडी विकणाऱ्या दलालांच्या तोंडी पक्की बसली आहे.

हे नेमकं कुठे अडतं ते बघू. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत घरांत, पार्किंगमध्ये पाणी शिरलं. समजा, अशा एखाद्या पार्किंगमध्ये एक गाडी उभी आहे. कोथरूडच्या काकांकडून ती जूनमध्ये घेतली, संगम पुलाजवळच्या आरटीओतून जुलैच्या पहिल्या आठवड्यात आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली, पॉलिसी मात्र मार्चपर्यंत काकांच्याच नावावर. पाण्यात बुडालेल्या गाडीत थर्ड पार्टी कोणीच नसतो, सगळा मामला ओन डॅमेजचा. वर्कशॉपमध्ये सर्व्हेअर येतो आणि आरसी व पॉलिसी शेजारी-शेजारी ठेवतो. नवा मालक क्लेम करू शकत नाही, कारण कंपनीशी त्याचा करार नाही. काका करू शकत नाहीत, कारण गाडी त्यांची राहिली नाही, त्यांचं काही बुडालेलं नाही. हप्ता पूर्ण भरलेला, मुदत शिल्लक, आणि क्लेम दोघांपैकी कोणाचाच नाही.

वाईट भाग असा की क्लेमची वेळ येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा अमुक तारखेपर्यंत वैध असं दिसतं. चौकात पोलीसही तेवढंच बघतात. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे हे त्यातून कळत नाही. ते बघायचं तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमाधारकाचं नाव वाचावं लागतं.

आणि आरसीच बदलली नसेल तर? 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकच्या प्रकरणात विमा कंपनीला पैसे द्यायला लावले, कारण विक्रीचा करार आणि ताबा होऊनही नोंदणी जुन्याच मालकाच्या नावावर होती. पण ते पैसे त्या जुन्या मालकाचे. खरेदीदाराने यात आपला फायदा शोधू नये.

तर खरेदीदाराने करायचं काय? गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोट करायची, त्यावर तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग आणि दोघांच्या सह्या. आरटीओतल्या मालकीबदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या होतातच, त्याच बैठकीत आणखी एका कागदावर सही मागायची: «ही पॉलिसी अमुक यांच्या नावावर करण्यास माझी हरकत नाही.» ओन डॅमेजचा भाग हलवायला कंपनी ही संमती मागते, आणि पैसे मिळाल्यावर महिनाभराने विकणाऱ्याला गाठणं किती अवघड असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. मग स्वतःच्या नावाने नवा प्रपोजल फॉर्म, केवायसी, पॉलिसीची प्रत आणि आरसी किंवा आरटीओच्या अर्जाची पावती, एवढं घेऊन कंपनीच्या शाखेत द्यायचं आणि पोच घ्यायची. काही कंपन्या नवी आरसी आल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. तरी अर्ज आधीच देऊन ठेवावा, म्हणजे 14 दिवसांची मुदत पाळल्याचा पुरावा राहतो, आणि आरसी हातात आली की त्याच दिवशी पाठवून पाठपुरावा करावा. कंपनी गाडीची तपासणी करू शकते, त्यालाही तयार राहावं.

काम झालं हे कळतं ते एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची कंपनीने दिलेली लेखी नोंद, हातात आल्यावर. त्यात नाव, पत्ता, चॅसिस नंबर आणि बदल कोणत्या तारखेपासून लागू ते वाचायचं. कर्जावर गाडी घेतली असेल तर बँकेचं नाव आलंय का तेही. गाडी दोन-तीन वर्षांचीच असेल तर आणखी एक मेख असते. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र दरवर्षी, आणि तो दुसऱ्या कंपनीचा असू शकतो. म्हणजे पॉलिसी दोन, कंपन्या दोन, अर्जही दोन. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमासुद्धा नाव बदलल्याशिवाय नव्या मालकाला लागू होत नाही, आणि त्यात नॉमिनीही नवा लागतो.

हे सगळं नको असेल तर सरळ स्वतःच्या नावाने नवी पॉलिसी घ्यावी. जुन्या पॉलिसीचे दोन-तीन महिनेच उरले असतील तर मी तेच सुचवेन.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, ती गाडी ज्याने क्लेम न करता चालवली त्या माणसाचा असतो. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना कंपनी त्या सवलतीचा उरलेल्या मुदतीपुरता फरक खरेदीदाराकडून वसूल करते. हिशेब सोपा आहे. समजा बोनसआधीचा ओन डॅमेज हप्ता 8,000 रुपये, काकांना 50 टक्के म्हणजे 4,000 ची सूट. पॉलिसी 1 एप्रिलची, बदल 1 ऑक्टोबरपासून. उरले 182 दिवस. 4,000 चे 182 दिवसांचे होतात साधारण 2,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 360, आणि एन्डॉर्समेंटची किरकोळ फी. बोनस भावात धरून ज्याने काकांना जास्त पैसे मोजले, त्याने तो दोनदा भरला. अपवाद आहे तो वारसाचा: मालकाच्या निधनानंतर गाडी पती, पत्नी, मुलं किंवा आई-वडिलांकडे आली तर बोनस त्यांना मिळू शकतो.

काकांनी मात्र हा बोनस सोडू नये. कंपनीकडे विक्रीचा पुरावा देऊन एनसीबीचं, म्हणजे नो क्लेम बोनसचं पत्र मागायचं. ते तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीला वापरता येतं. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता 20,000 असेल तर त्या एका पत्राचे 10,000 वाचतात. आमच्याकडे लोक गाडीचा भाव पाच हजारांनी वाढवायला तासभर घासाघीस करतात आणि हे पत्र मागायचं विसरतात.

राहिला चावीच्या दिवशीचा सल्ला, तो पूर्ण मेसेजमध्ये सर्वांत धोक्याचा. चावी दिली त्या दिवशी आरसीवर नाव विकणाऱ्याचंच असतं. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. त्या गाडीची पहिली विक्री 2007 ची आणि अपघात 2009 चा होता. म्हणजे पॉलिसी रद्द केलेली, आरसी तुमच्या नावावर, आणि नवा मालक पौड रोडला कोणाला धडकला, तर भरपाईची नोटीस तुमच्या घरी येणार आणि पैसे देणारी कंपनी मागे नसणार. शिवाय चालू विम्याशिवाय आरटीओत नावबदल अडतो, आणि विम्याविना गाडी चालवण्याचा पहिला दंड 2,000 रुपये.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. विकणाऱ्याने फॉर्म 29 ची सूचना आरटीओला 14 दिवसांत द्यायची, आरसीवर नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन बघायचं, खरेदीदाराने पॉलिसी नावावर घेतली किंवा नवी काढली याची प्रत घ्यायची. नवी काढली असेल तरच जुनी रद्द करायला सांगायचं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्यामुळे कंपनीही दुसऱ्या पॉलिसीचा पुरावा मागते. एक वर्षाच्या पॉलिसीत त्या वर्षी क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो, झालेला असेल तर परतावा नाही. हे पैसे पॉलिसीधारकाच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. सौद्यात पॉलिसीचे उरलेले महिने धरून खरेदीदाराने पैसे दिले असतील, तर परताव्यावर हक्क कोणाचा हे डिलिव्हरी नोटवरच एका ओळीत लिहून घ्यावं.