छिटमहल: बुद्धिबळाचा पट नव्हे, तहाचा कागद

"माहीत आहे का? 🤔 भारत-बांगलादेश सीमेवर एकमेकांच्या पोटात 162 गावं अडकली होती, कारण कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा नवाब बुद्धिबळात गावं पणाला लावायचे! उरलेला घोळ रॅडक्लिफने नकाशावर शाई सांडून केला. तिथल्या लोकांना ना टॅक्स, ना पोलीस, नुसती मजा! आणि 2015 मध्ये आपण 10,000 एकर जमीन फुकट देऊन टाकली. प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा 🙏"

हा मजकूर मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो, कारण मामा रोज काही ना काही टाकतच असतात. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मामेबहिणीने तो वहीत "महत्त्वाचे" म्हणून उतरवून घेतला. आता लिहिणं भाग आहे.

या एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांना तिकडे छिटमहल म्हणत. आधी बुद्धिबळ. ही गोष्ट मामांनी किंवा मोबाइलने शोधलेली नाही, हे मान्य. त्या भागातही ती सांगितली जाते, कोणी बुद्धिबळ म्हणतं, कोणी पत्ते. पण ती तपासायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. एक तर रंगपूरला नवाब नव्हता, तिथे मुघलांचा फौजदार असे. आणि पैजेत गावं गेली असती तर ती कुठेही विखुरलेली दिसली असती. प्रत्यक्षात बांगलादेशाच्या हद्दीत भारताचे जे 111 तुकडे होते, त्यांतले 59 लालमनिरहाट जिल्ह्यात आणि 36 पंचगड जिल्ह्यात. म्हणजे 95 तुकडे दोनच जिल्ह्यांत. हे दोनच जिल्हे का? याचं उत्तर पटावर नाही, एका तहात आहे.

कूचबिहार हे आजच्या पश्चिम बंगालच्या उत्तरेकडचं, कोच राजांचं राज्य. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मुघल फौजा त्याच्या दक्षिणेकडचे मुलूख कुरतडत होत्या. 1711 ते 1713 च्या सुमारास तह झाले आणि बोदा, पाटग्राम आणि पूर्वभाग हे तीन चकले मुघलांकडे गेले. चकला म्हणजे महसुलाचा मोठा विभाग. बोदा आज पंचगड जिल्ह्यात आहे, पाटग्राम लालमनिरहाटमध्ये. तुकड्यांची गर्दी नेमकी तिथेच आहे.

चकला कागदावर मुघलांचा झाला, तरी त्यातल्या प्रत्येक जमिनीवरून कूचबिहारचे सरदार हलले नाहीत. ज्यांना हुसकावता आलं नाही, त्यांच्या जमिनींचा सारा कूचबिहारलाच जात राहिला. या जमिनींना राजगीर म्हणत. उलट बाजूला, कूचबिहारच्या हद्दीत मुघलांच्या शिपायांनी काही जमिनी धरून ठेवल्या होत्या आणि त्यांची निष्ठा मुघलांशी राहिली. त्या मुघलान. तहाने जो जिथे बसला होता त्याला तिथेच राहू दिलं. त्या काळात राज्याची हद्द म्हणजे काही कुंपण नव्हे, सारा कोणाच्या कचेरीत भरायचा एवढाच तो प्रश्न होता. छिटमहल या शब्दातही हेच आहे. छिट म्हणजे तुकडा, आणि महल म्हणजे राजवाडा नव्हे तर आपण जुन्या कागदात "महाल" वाचतो तो, महसुलाचा.

हे मी मनाने सांगत नाही. ब्रेंडन व्हाइट नावाच्या संशोधकाने मेलबर्न विद्यापीठातून 2002 मध्ये या तुकड्यांचा जो दस्तऐवजी अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तहांपासून जुन्या मोजणीपर्यंत सगळं तपासलेलं आहे आणि जुगाराची गोष्ट दंतकथा म्हणून बाजूला ठेवलेली आहे. ज्याला वाद घालायचा असेल त्याने आधी तो वाचावा.

तरीही कोणाला पटावरचा राजा सुटत नसेल, तर दहाला खाग्राबाडीचं उदाहरण घ्या. तागाचं एक शेत, जेमतेम पावणेदोन एकराचं. ते भारताचं होतं. त्याच्या भोवती उपनचौकी भजनी, ते बांगलादेशाचं. त्याच्या भोवती बालापाडा खाग्राबाडी, ते पुन्हा भारताचं. आणि त्याच्या भोवती सगळीकडे बांगलादेश. पावणेदोन एकराच्या शेतासाठी दोन राजे पट मांडून बसले आणि मग त्याच्या भोवतीचा घेर दुसऱ्याने जिंकला, असं समजायचं का? सारा भरणाऱ्यांच्या जमिनींचे तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात, हे ज्याने शेताचे बांध पाहिलेत त्याला सांगावं लागत नाही. इथे फक्त त्या बांधांची पुढे आंतरराष्ट्रीय सीमा झाली. शेत कसणारा शेतकरी मात्र बांगलादेशी होता.

करारातल्या गमतीने परक्या हद्दीत राहिलेला तुकडाच हवा असेल तर खरा घ्या ना. 1659 च्या पिरेनीजच्या तहानंतर स्पेनने सीमेवरची 33 "खेडी" फ्रान्सला द्यायची ठरली. त्या भागातली लिव्हिया नावाची वस्ती म्हणाली, आम्ही खेडं नाही, आम्हाला नगराचा दर्जा आहे. तो दर्जा मान्य झाला आणि लिव्हिया आजही चारी बाजूंनी फ्रान्सने वेढलेली, पण स्पेनची आहे. एका शब्दावर देश ठरला. हे फॉरवर्ड करा की.

शाईचा मुद्दा लवकर संपतो. 1947 च्या फाळणीत रॅडक्लिफ ब्रिटिश बंगालची वाटणी करत होता. कूचबिहार संस्थान होतं, ते त्याच्या कामात येतच नव्हतं. त्याने जलपाईगुडी जिल्ह्यातली तेतुलिया, पंचगड, बोदा, देवीगंज आणि पाटग्राम ही पाच ठाणी पाकिस्तानला दिली. रंगपूरही तिकडे गेलं. मग 28 ऑगस्ट 1949 ला कूचबिहारच्या महाराजांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि 12 सप्टेंबरला कारभार भारताकडे आला. संस्थान आलं ते त्याच्या सगळ्या जमिनींसकट, म्हणजे बोदा-पाटग्राममधल्या राजगिरांसकट. 1765 पासून कंपनीचा मुलूख आणि संस्थान यांच्यामध्ये असलेल्या ज्या रेषेची कोणाला अडचण झाली नव्हती, ती अशी दोन देशांची सीमा झाली. म्हणजे भलती रेषा ओढल्यामुळे नव्हे, जुनी रेषा तशीच राहिल्यामुळे. रॅडक्लिफच्या नावावर एक चूक मात्र खरी आहे. त्याच्या निवाड्याच्या मजकुरातून बोदा ठाण्याचं नाव गळलं होतं, आणि त्यावरून जलपाईगुडीतल्या बेरुबाडीचा वाद पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पण ती गळती होती, सांडलेली शाई नव्हती.

आता त्या "मजे"बद्दल, कारण मला खरा राग याच वाक्याचा आला.

1952 मध्ये भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट-व्हिसाची पद्धत सुरू झाली. समजा, एखादा माणूस बोद्याजवळच्या भारतीय तुकड्यात राहतो. भारतात जायला त्याला मधली परकी जमीन ओलांडायची आहे, म्हणजे व्हिसा हवा. व्हिसासाठी शहरातल्या कचेरीत जायला हवं. आणि त्या कचेरीपर्यंत पोहोचायला तीच परकी जमीन आधी ओलांडायला हवी. म्हणजे कायद्याने वागायचं ठरवलं तरी पहिलं पाऊल बेकायदाच पडणार. तो कागदावर भारतीय, पण भारताला त्याच्यापर्यंत शाळा नेता येत नाही, वीज नेता येत नाही, मतपेटी नेता येत नाही. चोरी झाली तर भारताचा पोलीस तिथे येऊ शकत नाही आणि बांगलादेशाच्या पोलिसाला तिथे अधिकार नाही. "पोलीस नाही" याचा अर्थ दरोडेखोराला विचारा, त्याला ती मजा वाटेल.

भारताने वेढलेल्या बांगलादेशी तुकड्यांतही असंच. तिथल्या बाईला बाळंतपणाला जवळच्या भारतीय इस्पितळात जायचं तर नवरा म्हणून बाहेरच्या एखाद्या भारतीय माणसाचं नाव सांगावं लागे. शाळेत घालायचं तर बाप म्हणून दुसऱ्याचं नाव. मुलाच्या कागदावर आयुष्यभर खोटा बाप राहायचा. टॅक्स नव्हता हे खरंच आहे. पण सारा भरल्याची पावती नाही म्हणजे जमीन आपली असल्याचा सरकारी पुरावाही नाही. तीनशे वर्षांपूर्वी सारा कुठे भरायचा यावरून ही माणसं अडकली आणि शेवटी त्यांचा सारा घेणारंच कोणी उरलं नाही. जुलै 2011 मध्ये दोन्ही देशांनी मिळून शिरगणती केली तेव्हा अशी एकावन्न हजारांवर माणसं निघाली.

राहिले 10,000 एकर. आकडा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. भारताचे 111 तुकडे म्हणजे 17,160 एकर, बांगलादेशाचे 51 म्हणजे 7,110 एकर. अदलाबदलीत दहा हजारांवर एकर जास्त गेले. पण "2015 मध्ये देऊन टाकली" हे साफ चूक. 1958 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या नेहरू-नून करारातच लिहिलं होतं की तुकड्यांची अदलाबदल करायची आणि जास्तीच्या क्षेत्राबद्दल भरपाई मागायची नाही. सुप्रीम कोर्टाने 1960 मध्ये सांगितलं की देशाची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. 1974 मध्ये इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी पुन्हा करार केला. बांगलादेशाने त्याच वर्षी तो मंजूर केला, आपण 2015 पर्यंत थांबलो. शंभरावी घटनादुरुस्ती संसदेत झाली तेव्हा विरोधात एकही मत पडलं नाही. आणि जी जमीन "गेली" तिच्यावर 1952 पासून भारताचा तलाठीसुद्धा सरळ जाऊ शकत नव्हता. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. भारताने वेढलेल्या तुकड्यांतले सगळे भारतीय झाले. पलीकडच्या जवळपास 37,000 लोकांपैकी भारतात येणं निवडलं ते हजाराच्या आतच.

मामेबहिणीचा प्रश्न होता, मग आता एकही उरला नाही का? उरला आहे. दहाग्राम-अंगरपोता बांगलादेशाचाच राहिला, कारण त्याची सोय 1974 च्या करारात वेगळी केली होती. तिथे जायला भारताने तीन बिघा नावाची पट्टी भाड्याने दिली आहे, 178 मीटर लांब आणि 85 मीटर रुंद. 1992 मध्ये ती उघडली तेव्हा दिवसाचे काही तासच खुली असे. ऑक्टोबर 2011 पासून चोवीस तास खुली आहे.