शीर्षकातली आग जरा विझवा

व्हिडिओच्या शीर्षकात इमोजी नकोतच, असं माझं म्हणणं नाही. पण यूट्यूबवर हल्ली जे चाललंय ते बघवत नाही. हे एक बनवलेलं उदाहरण, पण असली शीर्षकं तुम्ही रोज बघता:

🔥🔥😱 पीडीएफ फाइल छोटी करा 😍👇👇

हे शीर्षक डोळ्यांनी न बघता कानांनी ऐकून पाहा. अंध प्रेक्षकाचा स्क्रीन रीडर प्रत्येक चित्राचं नाव वाचतो. म्हणजे 'पीडीएफ' कानावर पडायच्या आधी आग, पुन्हा आग, मग भीतीने किंचाळणारा चेहरा. फाइल छोटी करायला आलेला माणूस एव्हाना पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो. मोबाइलवर वेगळीच अडचण. यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरं देतं खरं, पण यादीत लांब शीर्षक मध्येच कापलं जातं. सुरुवातीची जागा चित्रांनी खाल्ली, की कापला जातो तो नेमका कामाचा शब्द.

सर्चचंही तेच. शोधणारा 'पीडीएफचा आकार कमी कसा करायचा' असं टाइप करतो, 🔥 नाही. चित्र घातलं म्हणून व्हिडिओ वर येत नाही. खरा तोटा होतो तो शब्दाच्या जागी चित्र बसवल्यावर. 'हृदयाची काळजी' ऐवजी '❤️ ची काळजी' लिहिलं, तर ज्या शब्दाने लोक शोधतात तोच शीर्षकातून गेला.

मी ते शीर्षक असं लिहीन: 'पीडीएफ फाइलचा आकार मोबाइलवर कमी कसा करायचा 📄'. विषय आधी, चित्र एकच आणि तेही शेवटी. ते काढलं तरी अर्थ तसाच राहतो, आणि माझी कसोटी हीच.

विश्वासाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त राग येतो तो लाल ठिपक्याचा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला '🔴 लाइव्ह' लावायचं! प्रेक्षक येतो, पाच सेकंदांत फसवणूक ओळखतो आणि निघतो. क्लिक मिळाला म्हणून खूश होणाऱ्यांनी यूट्यूब स्टुडिओमध्ये त्याच व्हिडिओचा रिटेन्शनचा, म्हणजे प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याचा, आलेख उघडावा. पहिल्या 30 सेकंदांतच रेघ धाडकन खाली आली असेल, तर शीर्षकाने कबूल केलेलं व्हिडिओत नव्हतं, हा पहिला संशय. (दुसरा संशय लांबलचक इंट्रोचा, पण तो वेगळा विषय.)

वर्णनात मी थोडी सूट देतो. तिथे 5000 अक्षरांची जागा आहे, आणि 'साहित्य', 'लिंक', 'संपर्क' अशा भागांपुढे एकेक चिन्ह असलं तर नजरेला थांबा मिळतो. मात्र 'आणखी' दाबण्याआधी दिसणाऱ्या पहिल्या दोन-तीन ओळींत निव्वळ शब्द हवेत. आणि प्रत्येक लिंकपुढे 👉👉👉 कशाला? लिंक निळी असते, दिसते ती.

एखादा नियमित कार्यक्रम असेल, तर दर भागाच्या शेवटी ठरलेलं एकच चिन्ह ठेवायला माझी हरकत नाही. प्रेक्षक यादीत ते पटकन ओळखतात. फक्त ते दर आठवड्याला बदलू नका.