कर्जाची पडताळणी: घरी येणारा माणूस नेमके काय पाहतो?

“कर्जाचा अर्ज केल्यावर बँकेचा माणूस घरी किंवा ऑफिसात आला, तर समजा की बँकेला तुमच्यावर संशय आहे. शेजाऱ्यांना आणि साहेबांना तुमचे कर्ज कळते. घर बंद सापडले की अर्ज बाद, वर सिबिलही पडते. त्यापेक्षा त्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवा आणि रिपोर्ट चांगला लिहून घ्या.” असे अनेकदा ऐकायला मिळते, पण यातले बरेचसे खरे नाही.

ही भेट अनेक बँकांच्या नेहमीच्या कामाचा भाग असते. अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर तुम्ही खरोखर राहता का आणि सांगितलेल्या ठिकाणी नोकरी करता का, हे मुख्यतः त्यातून तपासले जाते. येणारा माणूस बहुधा बँकेने नेमलेल्या एजन्सीचा असतो. किती वर्षांपासून राहता, घर स्वतःचे की भाड्याचे, घरात किती माणसे आहेत आणि कमावणारे किती, असे प्रश्न तो विचारतो, दारावरची पाटी पाहतो, फोटो काढतो आणि अहवाल पाठवतो. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

शेजाऱ्यांकडे किंवा वॉचमनकडे चौकशी होते, हे खरे आहे. पण ती अमुक व्यक्ती येथे राहते का आणि कधीपासून, एवढ्यापुरतीच असायला हवी. बाहेरच्या एजन्सीकडून काम करून घेतले तरी ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी बँकेचीच राहते, असे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. कर्जाची रक्कम कोणी शेजाऱ्यासमोर बोलून दाखवली, तर ती तक्रार करण्याजोगी बाब आहे. कंपनीत येणाऱ्या फोनवरही सहसा हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि नोकरी कायम आहे की कंत्राटी, हेच विचारले जाते. हा फोन तुमच्या साहेबांना नव्हे, तर बहुधा एचआर विभागाला जातो, आणि अनेक मोठ्या कंपन्या फोनवर काहीच सांगत नसल्याने त्याऐवजी तुमच्या ऑफिसच्या ईमेलवरून खात्री केली जाते. राजीनामा दिला असेल, तर एचआर ते सांगू शकते आणि अर्ज तेथेच थांबू शकतो.

अहवाल प्रतिकूल जाण्याचे मोठे कारण वेगळेच असते: अर्जातला तपशील आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांतली तफावत. समजा, साताऱ्याचा एक तरुण वाकडला दोन मित्रांसह भाड्याने राहतो, भाडेकरार एका मित्राच्या नावावर आहे आणि तरुणाच्या स्वतःच्या आधारवर साताऱ्याचा पत्ता आहे. पगार एका कंपनीकडून येतो, पण तो बसतो हिंजवडीत त्या कंपनीच्या ग्राहकाच्या कार्यालयात, आणि अर्जात त्याने तोच पत्ता लिहिला आहे. एजन्सीचा माणूस हिंजवडीत गेला, तर स्वागतकक्षात या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नाही असे उत्तर मिळते. वाकडला वॉचमनला फक्त करारातल्या मित्राचे नाव ठाऊक असते. तरुण कुठेही खोटे बोललेला नाही, तरी दोन्ही अहवाल प्रतिकूल ठरतात. त्याने सध्याचा पत्ता वाकडचा आणि कायमचा पत्ता साताऱ्याचा असे वेगवेगळे नोंदवले असते, भाडेकरारात आपले नाव घालून घेतले असते, नोकरीच्या रकान्यात पगार देणारी कंपनी आणि तिच्या एचआरचा संपर्क देऊन आपण ग्राहकाच्या आवारात बसतो हे बँकेला आधी कळवले असते, आणि वॉचमनला व मित्रांना कल्पना दिली असती, तर ही वेळ आली नसती. माझ्या मते तयारी म्हणायची ती हीच.

घर एकदा बंद सापडले म्हणून अर्ज सहसा बाद होत नाही. फोन करून पुन्हा येण्याची वेळ ठरवली जाते, त्यामुळे त्या दिवसांत अनोळखी नंबरचे फोन टाळू नयेत. मात्र वारंवार कुलूप आढळले तर प्रकरण रखडते. सिबिलचे म्हणाल, तर अर्ज केल्यावर बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद होते. थोड्या दिवसांत अनेक ठिकाणी अर्ज केल्यास गुण घसरू शकतात. घरच्या भेटीची किंवा अर्ज नाकारल्याची नोंद त्या रिपोर्टमध्ये नसते.

पैसे देण्याचा सल्ला मात्र सर्वांत घातक आहे. अनेक एजन्सी वेळ आणि ठिकाण नोंदवणारे फोटो घेतात, आणि खोटा अहवाल उघड झाला तर अर्जदारही अडचणीत येतो. शिवाय पैसे, ओटीपी किंवा मूळ कागदपत्रे मागणारा माणूस तोतया असण्याची शक्यता मोठी असते. ओळखपत्र पाहावे आणि शंका असल्यास बँकेच्या अधिकृत क्रमांकावर विचारून मगच आत घ्यावे.

अर्ज नाकारला गेला तर मुख्य कारण लेखी मागावे. तफावत कागदपत्रांनी दूर होण्याजोगी असेल तर फेरपडताळणीची विनंती करता येते. गैरवर्तनाची किंवा माहिती फोडल्याची तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावरून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.